मदत हवी आहे: सब-कॉन्ट्रॅक्टर मशिनरी आणतच नाही, तीन पत्रे देऊन झाली. आता थेट टर्मिनेशन देता येईल का?

साइटइंजिनिअर_७

नमस्कार मंडळी. मी मुख्य कंत्राटदाराकडे आहे आणि पत्रव्यवहार माझ्याकडे आहे. पायलिंगचे काम आम्ही एका सब-कॉन्ट्रॅक्टरला दिले, एकूण १४० पाइल. दोन महिने झाले, एकही पाइल झालेला नाही. साहेबांचे म्हणणे, "आज संध्याकाळपर्यंत टर्मिनेशनचे पत्र गेले पाहिजे." मसुदा तयार आहे, पण पाठवायला हात धजत नाही.

आमच्या करारातली कामाची कलमे अशी. ४.२ प्रमाणे काम सुरू करण्याचा आदेश मिळाल्यापासून १४ दिवसांत परिशिष्ट ३ मधली सगळी यंत्रे आणि माणसे जागेवर हवीत: २ रिग, १ क्रेन, बेंटोनाइटची टाकी व पंप, ऑपरेटर धरून २४ माणसे. ७.३ मध्ये उशिराचा दंड आहे. १६.१ म्हणते की कसूर झाली तर ती कसूर आणि मोडलेले कलम नमूद करून, सुधारायला किमान ७ दिवस देणारी नोटीस द्यावी. त्या मुदतीत कसूर दूर झाली नाही तर १६.२ खाली लेखी टर्मिनेशन. आणि २१.१ प्रमाणे नोटीस नोंदणीकृत कार्यालयात हातोहात किंवा कुरिअरने, पोच घेऊनच द्यायची. नुसता ईमेल चालत नाही.

घडले ते असे. आदेश त्यांना ३ मार्चला मिळाला, म्हणजे मुदत १७ मार्च. १९ मार्चला मी ईमेल केला, "कृपया लवकर मोबिलाइझ करावे." २८ मार्चच्या बैठकीत त्यांनी १० एप्रिलपर्यंत आणतो असे सांगितले, मिनिट्सवर दोघांच्या सह्या आहेत. काहीच आले नाही. १२ एप्रिलला कुरिअरने पत्र पाठवले, पोच १४ एप्रिलची. त्यात "तातडीने आणा, अन्यथा कलम १६ नुसार कारवाई" असे होते. २० एप्रिलला एक रिग आली, ऑपरेटर नाही, क्रेन नाही. २६ तारखेला तीही परत नेली. २७ एप्रिलला तिसरे पत्र गेले, त्यात ७.३ चा हवाला आणि ३ दिवसांची मुदत. ३० एप्रिलला त्यांचे उत्तर आले की तुम्ही पूर्ण जागाच दिली नाही.

आज ५ मे. माझ्या मसुद्यातले मुख्य वाक्य: "वारंवार नोटिसा देऊनही आपण काम सुरू न केल्याने कलम १६ नुसार करार तत्काळ समाप्त करण्यात येत आहे." हे टिकेल का?

जुना_फोरमन

टिकेल की! तीन वेळा सांगितले, माणूस येत नाही, आणखी किती वाट बघायची? आमच्या काळी तिसऱ्या पत्राला काम काढून घ्यायचो. शिवाय मुदत ठरलेली होती ती त्याने मोडली, करार तिथेच संपला. नोटिशीची गरजच काय?

वायरिंगवाले

सब-कॉन्ट्रॅक्टरचीही बाजू ऐका. मी स्वतः इलेक्ट्रिकलची कामे घेतो. मला बोलावले तेव्हा भिंतीच उभ्या नव्हत्या, माणसे नऊ दिवस बसून होती आणि बिल अजून अडकले आहे. तुम्ही त्याचे पैसे थकवले असतील म्हणूनच तो येत नसेल. माझे अडकलेले बिल काढायला कोणते कलम लावू?

साइटइंजिनिअर_७

दादा, आमच्याकडे काम सुरूच झालेले नाही, त्यामुळे बिलच नाही. अ‍ॅडव्हान्स त्यांनी बँक गॅरंटी दिल्यावर मिळणार होता, ती गॅरंटी त्यांनी अजून दिलेली नाही. तुमच्या बिलासाठी वेगळा धागा काढा, तिथे नीट उत्तरे मिळतील.

करारवाचक

आज टर्मिनेशन पाठवू नका. फोरमनकाकांचा राग मला कळतो, पण कराराने १६.२ चे दार १६.१ च्या मागे ठेवले आहे. ती पायरी वगळलीत तर करार मोडणारे तुम्ही ठराल, आणि दोन महिने न आलेला माणूस तुमच्याकडे नुकसानभरपाई मागेल.

तुमच्या तीनही पत्रांतले एकही १६.१ ची नोटीस नाही. पहिला ईमेल आहे, २१.१ मध्ये बसत नाही. दुसरे योग्य पत्त्यावर, पोच घेऊन गेले, पण त्यात कोणते कलम मोडले ते नाही आणि मुदतही नाही. "तातडीने" म्हणजे ७ दिवस होत नाहीत. तिसऱ्यात मुदत आहे पण ३ दिवसांची, आणि कलम दंडाचे. ७.३ चा दंड लावणे म्हणजे करार चालू आहे, उशीर मोजतो आहोत असे सांगणे. त्यावरून १६.२ वर उडी मारता येत नाही.

हा नुसता कागदी काटेकोरपणा नाही. फिडिक या आंतरराष्ट्रीय नमुना-कराराच्या २०१७ च्या आवृत्तीत टर्मिनेशनच्या इराद्याची १५.२.१ ची नोटीस त्याच उपकलमाखाली दिली आहे, हे नोटिशीतच लिहायला सांगितले आहे. समोरच्याला नेमके कळायला हवे की आता सुधारलो नाही तर काम जाणार.

म्हणून आधी १६.१ ची स्वच्छ नोटीस द्या. जुनी पत्रे फेकू नका, पण त्यांना "नोटिसा" म्हणू नका. तारखेनुसार जे होते तेच म्हणा: ईमेल, बैठकीची नोंद, पत्र. खोटे वजन दिलेला एक शब्द सापडला की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

दोन गोष्टी विचारते. पूर्ण जागा दिली नव्हती हे खरे आहे का? आणि २८ मार्चच्या मिनिट्समध्ये "आमचे हक्क राखून" असे काही लिहिले आहे का?

साइटइंजिनिअर_७

जागेचे अर्धे खरे आहे, ताई. ३ मार्चला ९६ पाइलची जागा मोकळी करून दिली, त्यांच्या माणसाची सही आहे. उरलेल्या ४४ च्या जागेवर जुना पाया होता, तो ९ एप्रिलला निघाला. मिनिट्समध्ये हक्क राखल्याचे काही नाही. मसुद्यात जागेचा विषय मी मुद्दाम टाळला होता.

करारवाचक

टाळू नका, तो तुमचा सगळ्यात मजबूत परिच्छेद होईल. दोन रिगना ९६ पाइल म्हणजे कित्येक दिवसांचे काम. ४.२ मध्ये पूर्ण जागा मिळाल्यावरच यंत्रे आणायची असे लिहिलेले नाही ना, ते मात्र एकदा पुन्हा वाचा. तसे नसेल तर उरलेल्या ४४ मुळे यंत्रे न आणण्याला कारण मिळत नाही. फार तर त्या भागाला वाढीव मुदत मागता येईल.

कसूर १० एप्रिलपासून धरा. १७ मार्च ही मूळ मुदत लिहा, पण बैठकीत नवी तारीख तुम्ही मुकाट्याने मान्य केलीत, तेव्हा त्याआधीच्या दिवसांवर टर्मिनेशन उभे करू नका. नोटिशीचा गाभा असा ठेवा:

"ही नोटीस कराराच्या कलम १६.१ अन्वये देण्यात येत आहे. कलम ४.२ नुसार परिशिष्ट ३ मधील यंत्रसामग्री व मनुष्यबळ १७ मार्चपर्यंत जागेवर आणणे आपल्यावर बंधनकारक होते. २८ मार्चच्या बैठकीत आपण त्यासाठी १० एप्रिल ही तारीख दिली. त्या तारखेस काहीही आणलेले नव्हते. २० एप्रिल रोजी ऑपरेटरविना आणलेली एक रिग आपण २६ एप्रिल रोजी परत नेली. आजही परिशिष्ट ३ मधील कोणतीही बाब जागेवर नाही. ९६ पाइलची जागा ३ मार्चपासून व उर्वरित ४४ ची ९ एप्रिलपासून आपणास उपलब्ध आहे. परिशिष्ट ३ मधील सर्व बाबी १६ मे, सायंकाळी ६ पर्यंत जागेवर आणून ही कसूर दूर करावी. तसे न झाल्यास कलम १६.२ अन्वये करार समाप्त करण्याचा हक्क आम्हास प्राप्त होईल."

"सर्व बाबी" हे शब्द काढू नका, आणि परिशिष्ट ३ ची प्रत जोडा. ७ मे ला हातात पडली तर पोचीचा दिवस सोडून ७ दिवस १४ मे ला भरतात. वर दोन दिवस सोडले आहेत ते पोच उशिरा झाली तर उपयोगी पडतात.

क्यूएस_पाटी

ताईंशी सहमत, फक्त दंडाबाबत वेगळे मत आहे. मिनिट्सवर सही केली म्हणून १७ मार्च ते १० एप्रिलचा दंड सोडला असे होत नाही. त्यांनी तारीख सांगितली, तुम्ही ऐकून घेतली, एवढेच. करारात मुदतवाढ लेखी आदेशानेच होते असे असेल तर मिनिट्स म्हणजे मुदतवाढ नव्हे. माझ्या मते दंड १७ मार्चपासूनच मागावा.

करारवाचक

दंडासाठी मागून बघता येईल, तिथे वाद दोन्ही बाजूंनी होतो. टर्मिनेशनसाठी मात्र वाद नसलेलीच तारीख हवी.

साइटइंजिनिअर_७

साहेबांना समजावले, आधी चिडले पण ऐकले. ४.२ पुन्हा वाचले, पूर्ण जागेची अट नाही. नोटीस ७ मे ला हातोहात दिली, पोच आहे.

साइटइंजिनिअर_७

आज १६ मे. काल दुपारी एक रिग, क्रेन आणि ११ माणसे आली. आता ते म्हणतात, "आम्ही आलो, नोटीस निकाली निघाली." दुसरी रिग नाही, बेंटोनाइटची टाकी नाही. काय करू?

जुना_फोरमन

मागच्या वेळी घाई केली, आता जपून बोलतो. पण टाकी नाही म्हणजे तो बोअर मारणारच नाही. भुसभुशीत जमिनीत बेंटोनाइटशिवाय खड्डा ढासळतो. तुमची जमीन तशीच असेल तर ही रिग नुसती दाखवायला आणली आहे.

करारवाचक

काकांनी नेमके बोट ठेवले. मुदत संपताच परिशिष्ट ३ हातात घेऊन दोघांनी मिळून पाहणी करा. प्रत्येक बाबीसमोर "आहे" किंवा "नाही" लिहा, फोटो घ्या, गेटच्या रजिस्टरची प्रत लावा. त्यांचा माणूस सही करत नसेल तर तसे नोंदवा. मुदतीआधी काम सुरू करायला अडवू मात्र नका, नाहीतर तेच तुमच्यावर उलटेल.

साइटइंजिनिअर_७

पाहणी झाली. दुसरी रिग, टाकी, पंप नाहीत, २४ पैकी ११ माणसे, एकही बोअर सुरू नाही. त्यांच्या सुपरवायझरने सही केली. १७ तारखेला हे दिले:

"कलम १६.१ अन्वये दिलेली व आपणास ७ मे रोजी पोचलेली नोटीस पाहावी. तीत दिलेली मुदत १६ मे, सायंकाळी ६ वाजता संपली. सोबतच्या संयुक्त पाहणी अहवालानुसार कलम ४.२ ची कसूर दूर झालेली नाही. सबब कलम १६.२ अन्वये हा करार या पत्राच्या पोचीपासून समाप्त करण्यात येत आहे. कलम ७.३ खालील व इतर उपार्जित हक्क अबाधित आहेत."

क्यूएस_पाटी

अर्धी पूर्तता पुरेशी होती का, यावर ते भांडतीलच. मला तुमची बाजू भक्कम वाटते, पण ११ माणसे आणि क्रेन आली होती हे विसरू नका, वकिलाला कागद दाखवा. त्यांची परफॉर्मन्स बँक गॅरंटी कधीपर्यंत आहे?

साइटइंजिनिअर_७

३१ मे. हे लक्षातच आले नव्हते.

क्यूएस_पाटी

मग आजच गॅरंटीचा कागद काढून बघा की मागणी कोणत्या शाखेत, कोणत्या शब्दांत आणि कधीपर्यंत पोचली पाहिजे. वठवायची की नाही ते वकिलाशी बोलून ठरवा, पण ते बोलणे या आठवड्यात व्हायला हवे.