मदत हवी आहे: सातवीला कागदावर सॉफ्टवेअर टेस्टिंग शिकवतेय, पण मुलांना एकही बग सापडत नाही

सुरंगी

नमस्कार मंडळी. मी डिचोली तालुक्यातल्या एका मराठी शाळेत सातवीला गणित आणि कॉम्प्युटर शिकवते. लॅबमध्ये धड चालणारे कॉम्प्युटर 4, वर्गात मुलं 36, आणि पावसाळ्यात वीज कधी जाईल ते देवाक खबर. म्हणून टेस्टिंगचा धडा कागदावरच घ्यायचं ठरवलं. पाठाची संहिता स्वतः लिहिली, गेल्या शुक्रवारी एका तुकडीवर करून पाहिली आणि सपशेल आपटले.

खेळ असा. जत्रेत पाळणा आलाय. पाळणेवाल्याने तिकिटाचे नियम सांगितलेत, ते मी फळ्यावर लिहिते: तिकीट 40 रुपये. 5 वर्षांखाली फुकट. 5 ते 12 वर्षे अर्धं तिकीट. 60 आणि पुढे अर्धं तिकीट. जत्रेच्या शेवटच्या दिवशी सगळ्यांना 10 रुपये कमी.

सहा जणांचा एक गट. त्यातला एक जण 'कॉम्प्युटर'. त्याला बंद पाकिटातून हा कागद मिळतो:

```
1. वय < 5  असेल तर 0 लिही, 5 वर जा
2. वय < 12 असेल तर 20 लिही, 5 वर जा
3. वय > 60 असेल तर 20 लिही, 5 वर जा
4. 40 लिही
5. शेवटचा दिवस असेल तर 10 वजा कर
6. उत्तर दे
```

चुका मी मुद्दाम पेरल्यात. बाकीच्या पाच जणांनी चिठ्ठीवर वय आणि दिवस लिहून कॉम्प्युटरला द्यायचा, उत्तर घ्यायचं आणि चूक पकडायची. गटाला 20 चिठ्ठ्या.

झालं काय? मुलांनी 8, 30, 25, 70, पुन्हा 30 असली वयं लिहिली. सगळी उत्तरं बरोबर! एका गटाने 12 लिहिलं तेव्हा मी मनातून उडालेच, पण कॉम्प्युटर झालेल्या मुलाने 20 असं उत्तर दिलं. विचारलं तर म्हणतो, "टीचर, हांगा चुकून बरयलां, हांवें सारकें केलें." आता याला रागावू की शाबासकी देऊ?

तास 40 मिनिटांचा आहे. पुढच्या शुक्रवारी दुसरी तुकडी. संहितेत काय बदलू?

(सुरुवात मी 1947 सालच्या गोष्टीने करते: हार्वर्डच्या मार्क 2 यंत्रात पतंग हा किडा अडकला आणि तेव्हापासून चुकेसाठी 'बग', म्हणजे किडा, हा शब्द आला. मुलांना ती आवडली, ती तेवढी ठेवणार आहे.)

नाना_पेडणेकर

बाई, एवढं डोकं कशाला खाजवायचं? 0 पासून 100 पर्यंत सगळी वयं घालून बघायची. एकही सुटणार नाही. आमच्या वेळी बेरजेचा पडताळा आम्ही असाच घ्यायचो.

काजूगर

टेस्ट पेपरचा आराखडा हवा असेल तर माझ्याकडे सातवीच्या कॉम्प्युटरचा आहे, 20 गुणांचा. गाळलेल्या जागा आणि जोड्या लावा. व्यनि करा.

सुरंगी

काजूगर, मुलांची टेस्ट नाही हो घ्यायची, मुलांनी टेस्ट घ्यायची आहे. 🙂 पण आराखडा पाठवा, सहामाहीला लागेल.

फोंडेकरीण

सुरंगीताई, मी चौदा वर्षं टेस्टिंगच करतेय, आधी पुण्यात आणि आता घरून. तुमचा खेळ चांगला आहे. तो फसतोय तो दोन ठिकाणी, आणि दोन्ही ठिकाणं दुरुस्त होण्यासारखी आहेत.

पहिलं म्हणजे तुमचा कॉम्प्युटर फार हुशार आहे. त्याला माहीत आहे की हे पाळण्याचं तिकीट आहे, समोर फळ्यावर नियम लिहिलेत, तो पोर ते वाचून कागद सुधारणारच. त्याला रागावू नका, पण त्याच्या हातातला अर्थच काढून घ्या. त्याच्या कागदावर 'वय' हा शब्द नको, 'पहिला आकडा' लिहा. 'शेवटचा दिवस' नको, 'चिठ्ठीवर फुली असेल तर' लिहा. पाळणा नाही, तिकीट नाही, रुपये नाहीत. आणि त्याला फळ्याकडे पाठ करून बसवा. शिवाय नियम फळ्यावर लिहायच्या आधी कॉम्प्युटर झालेल्या सहाही मुलांना व्हरांड्यात पाठवून त्यांचा सराव घ्या: पहिला आकडा 7, फुली नाही, तर उत्तर काय? असे दोन-तीन आकडे पुरेत, सराव 2 मिनिटांत आटपतो. मग तो 12 ला निमूट 40 देईल, कारण 12 म्हणजे सहावी-सातवीतलं पोर हे त्याला ठाऊकच नाही.

दुसरं जास्त महत्त्वाचं. उत्तर काय यायला हवं, ते मुलांनी चिठ्ठी देण्याआधी लिहिलं होतं का? मला वाटतं नाही. उत्तर हातात पडलं की ते बरोबरच वाटतं. मोठ्या माणसांनाही वाटतं, मलाही वाटतं. चिठ्ठीला मधोमध दुमड घाला. डावीकडे वय आणि फुली, उजवीकडे 'माझ्या मते उत्तर'. दोन्ही भरल्यावर दुमडीवर फाडायचं, डावा तुकडा कॉम्प्युटरकडे जातो, उजवा स्वतःकडे राहतो. उजवा भाग कोरा असेल तर चिठ्ठी फाडायचीच नाही.

आणि 20 चिठ्ठ्या खूप झाल्या. 7 द्या. वीस असल्या की मुलं उधळतात. सात असल्या की कुठे खर्च करायच्या यावर भांडतात, आणि ते भांडण म्हणजेच तुमचा धडा. नियम जिथे बदलतो त्या उंबरठ्यावर चूक असण्याचा संभव जास्त असतो, कारण लिहिणारा 'पेक्षा कमी' आणि 'पर्यंत' यांतच घोटाळा करतो. 4, 5, 12, 13, 59, 60 हे सहा उंबरठे झाले. सातवी चिठ्ठी मी सांगत नाही, मुलांना शोधू दे.

पतंगाचं म्हणाल तर पतंग खरा आहे, तो वहीत चिकटवलेलाही आहे. पण शब्द तिथून आला नाही. एडिसनने 1878 च्या पत्रात यंत्रातल्या दोषाला 'बग' म्हटलंय. मार्क 2 च्या वहीतली नोंद गंमतीची आहे: खराखुरा किडा सापडल्याची ही पहिलीच वेळ, अशा अर्थाची. शब्द आधीपासून असल्याशिवाय तो विनोद झालाच नसता.

नाना, तुमचं अर्धं बरोबर आहे. 0 ते 100 म्हणजे 101 वयं, दोन प्रकारचे दिवस, म्हणजे 202 चिठ्ठ्या. अर्ध्या मिनिटाला एक धरली तरी 101 मिनिटं. इतक्या लहान खेळात ते जमेलही. पण उद्या पाळणेवाल्याने 'गटाला सूट' म्हटलं आणि गट 1 ते 50 जणांचा धरला, की 10,100 चिठ्ठ्या झाल्या. म्हणून निवडावं लागतं.

नाना_पेडणेकर

हिशेब पटला. पण सातच घालून सगळ्या चुका सापडल्या हे कशावरून म्हणायचं?

फोंडेकरीण

म्हणायचं नाहीच. डाइक्स्ट्रा या संगणकशास्त्रज्ञाने 1969 साली रोममधल्या परिषदेत हेच मांडलं होतं: टेस्टिंगने चूक आहे हे दाखवता येतं, चूक नाही हे दाखवता येत नाही. फक्त मुलांना परिषदेची गोष्ट सांगत बसू नका, कंटाळतील.

वझरेकर

हा धागा वाचून अंगावर काटा आला. आमच्या पतसंस्थेत ज्येष्ठांना ठेवीवर जास्त व्याज आहे. माझे 60 पूर्ण झाले, मी दुसऱ्याच आठवड्यात ठेव ठेवली, तर पावतीवर साधाच दर. क्लार्क म्हणतो, कॉम्प्युटर घेत नाही. अडीच महिने हेलपाटे घातले. आता कळलं, तिथे पण कोणीतरी `> 60` लिहून ठेवलं असणार! फरकाची रक्कम मागता येईल का?

फोंडेकरीण

वझरेकरकाका, असेलही. पण जन्मतारीख चुकीची चढली असेल तरी असंच होईल. आधी पासबुकावरची तारीख बघा. फरकाचं मला ठाऊक नाही, अर्ज मात्र लेखी द्या.

सुरंगी

आज दुसऱ्या तुकडीवर करून पाहिलं. लिहिते सविस्तर, कारण काही गोष्टी मला अपेक्षितच नव्हत्या.

कॉम्प्युटरच्या कागदावरून तिकीट काढून टाकल्याचा परिणाम लगेच दिसला. 12 ची चिठ्ठी आली, मुलीने खाली मान घालून 40 लिहिलं. समोरचा गट ओरडला, "टीचर, हें चुकलां!" तिला कळेचना कुठे चुकलं, तिने सांगितलेलंच केलं होतं. मी तिथे थांबून वर्गाला विचारलं, चूक कोणाची, हिची की कागदाची? ती 2 मिनिटं सगळ्यांत चांगली गेली.

मग भांडण लागलं. शेजारच्या गटातला मुलगा म्हणाला, "म्हाका बारावें चालू आसा. म्हज्या उत्तराक 20 आयले, मागीर चूक खंय?" त्याने चिठ्ठीवर स्वतःचं पूर्ण झालेलं वय, म्हणजे 11, लिहिलं होतं. आपण बोलताना 'बारावं चालू' म्हणतो तेव्हा 11 पूर्ण असतात, आणि पाळणेवाल्याच्या नियमात वय पूर्ण की चालू ते लिहिलेलंच नाही! मीच नियम लिहिले आणि माझ्याच लक्षात आलं नाही. फोंडेकरीणताई, मी पाळणेवाली होऊन 'पूर्ण झालेलं वय, 12 धरून' असं फळ्यावर लिहून टाकलं. बरोबर केलं ना?

59 आणि 60 तीन गटांना सापडले. सातवी चिठ्ठी एकाच गटाने बरोबर शोधली: वय 4, शेवटचा दिवस. उजव्या तुकड्यावर त्यांनी 0 लिहिलं होतं, कॉम्प्युटरने दिलं −10. म्हणजे लहान मूल पाळण्यात बसलं की पाळणेवाल्यानेच त्याला 10 रुपये द्यायचे! वर्ग हसून लोळला. एक जण म्हणाला, मग मी माझ्या धाकट्या भावाला दिवसभर पाळण्यात बसवीन आणि खाजं खाईन. पण इथेही कॉम्प्युटर चुकला नव्हता, कागद चुकला नव्हता. 'सगळ्यांना 10 रुपये कमी' हेच पाळणेवाल्याचं वाक्य होतं.

वेळ मात्र पुरला नाही. चिठ्ठ्या फाडण्यातच 6 मिनिटं गेली. पुढच्या वेळी आधीच अर्धवट कापून नेईन. आणि गुणांचा घोळ झाला. सापडलेल्या चुकेला 1 गुण ठेवला होता, तर 12 ची चूक चार गटांनी चार वेळा मांडली आणि प्रत्येकाला गुण हवा.

फोंडेकरीण

'पूर्ण, 12 धरून' लिहिलंत ते ठीक, पण मी असते तर मुलांना पाळणेवाल्याकडे जाऊन विचारायला लावलं असतं, प्रश्न लेखी. तो प्रश्न विचारणं हेसुद्धा टेस्टरचंच काम.

गुण पहिल्या गटालाच द्या, ऑफिसातही आधी नोंदवलेलीच चूक धरतात. त्याबरोबर चूक कशी लिहिली त्याचा वेगळा गुण ठेवा: वय काय दिलं, काय यायला हवं होतं, काय आलं. 'चुकलां' एवढंच लिहिलं तर शून्य.

काजूगर

पहिल्यालाच गुण दिला तर मागचे गट हात वर करायचंच सोडतील. आमच्या वर्गात प्रश्नमंजूषेला हेच होतं, दोन हुशार पोरं सगळं नेतात. सर्वांना द्या.

फोंडेकरीण

सर्वांना दिला की सगळे 12 वरच रांग लावतील आणि −10 कोणाला सापडणार नाही.

सुरंगी

दोन्ही पटतंय, हीच पंचाईत आहे. सोमवारी तिसरी तुकडी. तिथे गुणच काढून टाकून बघते. आणि काजूगर, आराखडा अजून आला नाही हं.