प्रतिसाद: लाकडी कपाटावरचा स्टिकरचा गोंद

"आजीच्या सागवानी कपाटावरचा स्टिकर काढला पण चिकट गोंद राहिलाय, थिनर लावू का?"

थिनर नको, नेलपॉलिश रिमूव्हर पण नको, जुन्या कपाटाला बहुतेक लाखेचं पॉलिश असतं आणि ते स्पिरिटनेसुद्धा विरघळतं. हेअर ड्रायर लो वर ठेवून गोंद कोमट करा, जास्त तापवलंत तर पॉलिशच मऊ पडेल, मग जुन्या एटीएम कार्डाची कड जवळजवळ आडवी धरून लाकडाच्या रेषांच्या दिशेने हळूहळू सरकवा. उरलेल्यावर खोबरेल तेलाचे दोन थेंब, दहा मिनिटं थांबा, गोंद मऊ होऊन गोळ्या सुटतात, सुती फडक्याने पुसा. फडक्याला तपकिरी रंग लागला तर लगेच थांबा, पॉलिश निघतंय. आणि पॉलिश नसलेल्या कोऱ्या लाकडाला तेल अजिबात नको, डाग आत मुरतो.