मदत हवी आहे: युजरमागे दर की वापरानुसार?
आमचं सॉफ्टवेअर बिलं वाचून हिशेबात नोंदी करतं. सध्या दर युजरमागे आहे, वार्षिक करारावर. त्यामुळे पुढच्या महिन्याचं उत्पन्न आधीच कळतं. पण एका ग्राहकाकडे 40 माणसं 5 लॉगिन वाटून वापरतात, आणि आमचा सर्व्हरखर्च मात्र बिलांच्या संख्येनुसार वाढतो.

म्हणून 6 ग्राहकांना 3 महिने प्रति-बिल दर लावून पाहिला. एकाचा वापर वर्षअखेरीला तिप्पट झाला आणि पुढच्याच महिन्यात निम्म्यावर आला. आमचा अंदाज तर कोलमडलाच, त्यांनाही बजेट बांधता येईना.

निव्वळ वापरावर जायचं नाही, हे नक्की. किमान वार्षिक रकमेचा करार आणि त्यावरच्या वापराला वेगळा दर, असं मनात आहे. प्रत्येक ग्राहकाचा 12 महिन्यांचा वापर नोंदलेला आहे. मग ही किमान रक्कम सरासरी वापरावरून ठरवावी की सर्वांत मंद महिन्यांवरून? आणि त्या रकमेत धरलेली, पण एखाद्या महिन्यात न वापरलेली बिलं पुढच्या महिन्यात नेऊ द्यावीत का?