शब्दचर्चा: 'झीरो ॲडजस्टमेंट' आणि 'झीरो ड्रिफ्ट'

अनुवादिका: कंपनाच्या नळीवर चालणाऱ्या मास फ्लो मीटरची, म्हणजे कोरिओलिस मीटरची पुस्तिका मराठीत करतेय. कामगारांसाठी आहे. 'झीरो ॲडजस्टमेंट'ला मी 'मीटर शून्य करणे' लिहिलं. चालेल का? आणि 'झीरो ड्रिफ्ट'ला काय म्हणू?

पानसुपारी: 'शून्य करणे' सोपं आहे, तेच ठेवा. आमच्या दुकानातल्या काट्यावरही रिकामं भांडं ठेवून हेच करतो.

नळीवाला: 'शून्य करणे' कृपया नको. त्याच मीटरवर टोटलायझरही असतो, म्हणजे आजवर किती किलो गेलं त्याची बेरीज. 'मीटर शून्य करा' वाचून कामगार ती बेरीजच पुसेल आणि शिफ्टचा हिशोब गेला.
काट्याचं उदाहरणही इथे नेमकं उलटं पडतं. काटा रिकामा ठेवून शून्य करतात, हा मीटर भरलेला ठेवून. आत नळी कंप पावत असते आणि तिच्या दोन टोकांजवळच्या कॉइल्समधून सिग्नल येतात. प्रवाह असला की दोन्ही सिग्नलांत किंचित वेळेचा फरक पडतो, तोच किलोत मोजतात. प्रवाह नसताना फरक शून्य असायला हवा, पण जोडणीतला ताण, तापमान यांमुळे थोडा उरतो. तो उरलेला फरक लक्षात ठेवून वजा करायचा, एवढंच हे काम. नळी अर्धी भरलेली असेल किंवा आत बुडबुडे असतील, तर त्या अवस्थेतला चुकीचा फरक लक्षात राहतो.
आमच्याकडे सगळे 'झीरो घेणे' म्हणतात.

शब्दवेल्हाळ: मग 'शून्यबिंदू जुळवणे' कसं वाटतं? ड्रिफ्टला 'शून्यच्युती'.

मळीवाला: शून्यच्युती म्हटलं तर आमचा ऑपरेटर पळून जाईल. आम्ही 'झीरो सरकलाय' म्हणतो.
आसवनीत मळीच्या लाइनवर आमचा मीटर आहे. रोज सकाळी पंप बंद केला की झीरो घेतो, म्हणजे दिवसभर निश्चिंत. तरी दुसऱ्या दिवशी बंद लाइनवर कधी 12 किलो प्रतितास अधिक, कधी 9 उणे. मीटर जुना झालाय, बदलायला हवा.

नळीवाला: पंप बंद म्हणजे प्रवाह बंद असं नाही. व्हॉल्व्ह पासिंग असेल तर मळी झिरपत राहते, तुम्ही त्या झिरपण्यालाच शून्य ठरवता आणि मग दिवसभर तेवढं कमी दाखवतो.
आधी मळी नेहमीच्या तापमानाला फिरू द्या, हवा निघून जाऊ द्या. मग मीटरच्या पुढचा, म्हणजे मळी बाहेर जाते त्या बाजूचा व्हॉल्व्ह बंद करा, नंतर मागचा, म्हणजे नळी दाबाखाली भरलेली राहते. लो फ्लो कटऑफ, म्हणजे ज्याच्या खालचा प्रवाह मीटर 0 च दाखवतो ती मर्यादा, तात्पुरती 0 करा, नाहीतर 12 किलो तिच्या आड लपतात आणि पडदा खुशाल 0 दाखवतो. थोडा वेळ नुसतं बघा. आकडा स्थिर नसेल तर झीरो घेऊच नका.

मळीवाला: 6000 किलोच्या लाइनवर 12 किलो म्हणजे काय हो? 0.2 टक्के.

नळीवाला: पूर्ण प्रवाहावर तेवढेच. पण ही चूक किलोत ठरलेली असते. लाइन 600 वर चालवली की तीच 2 टक्के होते.
तुमचा आकडा अधिक-उणे नाचतोय, त्यामुळे मला आधी हवेची शंका येते. झीरो घेताना ड्राइव्ह गेन, म्हणजे नळी कंपत ठेवायला मीटरला किती जोर लावावा लागतोय तो आकडा, आणि घनता बघा. गेन वर आणि घनता नेहमीपेक्षा खाली असेल तर मळीत हवा आहे, मीटर बदलून काही होणार नाही. गेन शांत, पण मागचा दाब वाढवला की आकडा एकाच दिशेने वाढतो, तर व्हॉल्व्ह. मीटर काढून परत बसवला त्या दिवसापासूनच एकदम सरकला असेल तर फ्लँज बोल्टांनी ओढून बसवलाय, नळीवर ताण आलाय.

अनुवादिका: आणि हळूहळू, एकाच दिशेने सरकत असेल तर?

नळीवाला: आत थर बसत असेल किंवा नळी झिजत असेल. थर असेल तर घनतेचा आकडाही हळूहळू बिघडायला लागतो. म्हणून रोज झीरो घेऊन तो फरक पुसू नका. आधी बघा, लिहून ठेवा, कारण सापडल्यावरच जुळवा. रोज पुसलं तर सरकतंय हे कळणार कसं?

मळीवाला: दोन्ही बाजूंना सारखा थर बसला तर झीरो सरकत नाही म्हणतात ना?

नळीवाला: सारखा बसला तर फारसा नाही. पण मळीत तो सारखा बसतो का, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. गरम पाण्याने धुऊन त्याच पाण्यावर घनता बघा, स्वच्छ नळीच्या आकड्याशी ताडा.

शब्दवेल्हाळ: मी 'शून्यच्युती'वर ठाम आहे.

अनुवादिका: सध्या 'झीरो जुळवणे' आणि 'झीरो सरकणे' लिहितेय, आणि टोटलायझरसाठी वेगळं 'बेरीज पुसणे'. मळीवाले, उद्या घनतेचा आकडा टाकाल का?

मळीवाला: उद्या लाइन बंद नाही. रविवारी बघतो.