पीएफचा क्लेम रिजेक्ट झालाय, बँक डिटेल्स जुळत नाहीत म्हणे. मदत हवी आहे

सातपूरची_लेक:
बाबा ५८ पूर्ण होऊन रिटायर झाले, २२ वर्षांची नोकरी. पीएफ काढायला फॉर्म १९ ऑनलाइन भरला आणि काल रिजेक्ट, कारण काय तर बँक डिटेल्स जुळत नाहीत. पासबुक तर समोरच आहे, देना बँकेचं, त्यातलाच नंबर पोर्टलवर आहे. घराच्या छताचं काम याच पैशांवर अडलंय. आता नेमकं काय दुरुस्त करू?

मुकादम६२:
कंपनीच्या एचआरला गाठा. बँक बदलली की त्यांनी अ‍ॅप्रूव्ह केल्याशिवाय काही होत नाही, आणि कॅन्सल चेकचा फोटो जोडा.

पासबुकवाला:
मुकादम, हे आधी होतं. एप्रिल २०२५ पासून बँक खातं जोडायला कंपनीची मंजुरी लागत नाही, चेकचा फोटोही नाही.
ताई, घोळ पासबुकातच आहे. देना बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात गेली, नंतर खाते नंबर बदलले, आणि BKDN ने सुरू होणारे जुने आयएफएससी १ मार्च २०२१ पासून बंद आहेत. ब्रँचमधून नवं पासबुक घ्या, कोड BARB ने सुरू होईल आणि पाचवा शून्य असतो, ओ नाही, तिथेच बरेच जण चुकतात. मग पोर्टलवर Manage मध्ये KYC, तिथे नवीन नंबर आणि कोड टाका, ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येईल. बँकेकडून पडताळणी होऊन नवं खातं मंजूर दिसेपर्यंत क्लेम टाकू नका, घाईत जुन्याच खात्यावर जाईल. जुना क्लेम दुरुस्त होत नाही, फॉर्म १९ नव्यानेच भरायचा.

विरारची_मावशी:
माझंही असंच झालं होतं पण माझं खातं भावासोबत जॉइंट होतं. जॉइंट चालतं ते फक्त नवरा-बायकोचं. शेवटी एकटीचं खातं उघडलं तेव्हा पैसे आले.

सातपूरची_लेक:
मावशी, बाबांचं एकट्याचंच आहे. पासबुकवाला दादा, आज ब्रँचला जाऊन आले, नंबर खरंच वेगळा निघाला!! पाच वर्षं हेच जुनं पासबुक जपून ठेवलं होतं आम्ही. पण नव्या पासबुकात नाव 'डी. बी.' असं आद्याक्षरांत आहे आणि पीएफला पूर्ण नाव. अडेल का?

पासबुकवाला:
अडू शकतं. पडताळणीत नावही बघतात. बँकेत आधार देऊन पूर्ण नाव करून घ्या, पीएफच्या नावाला हात लावू नका, ते आधारशी जुळत असेल तर तेच बरोबर.

मुकादम६२:
आणि पेन्शनचं? २२ वर्षं म्हणजे १०डी भरावा लागेल, १०सी नाही.

सातपूरची_लेक:
तो कंपनीने भरलाय म्हणतात, पण त्यात कुठलं खातं टाकलंय ते उद्या विचारते. त्यातही जुनंच असेल तर परत काय करायचं, कोणाला अनुभव आहे का?