मदत हवी आहे : 12 लाखांवर दरमहा उत्पन्न, तीन कागद आणि तीन वेगळे आकडे

काठाकाठाने
नमस्कार मंडळी. पैशाच्या बाबतीत मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. वय 56, नोकरी सुटली. हातात आलेल्या रकमेतून अडीअडचणीपुरते वेगळे काढून 12 लाख उरले आहेत. त्यातून महिन्याला सात-आठ हजार यावेत, औषधं आणि बिलं भागावीत, एवढीच अपेक्षा. मुद्दल वाढलं नाही तरी चालेल, बुडायला नको.

तीन ठिकाणी चौकशी केली आणि पाकिटाच्या मागे पेन्सिलीने हे लिहून ठेवलं :

बँकेची पाच वर्षांची ठेव, 7 टक्के, व्याज दरमहा : 6,960
एका कंपनीचा रोखा, 9 टक्के, व्याज दरमहा, तीन वर्षं शिल्लक : 8,550
रोख्यांच्या फंडाची 'दरमहा ठरावीक रक्कम' योजना : 10,000

रोखा मूळ 1,000 चा, पण मिळतोय 1,050 ला. चांगल्या मालाला चार पैसे जास्त पडणारच, असं मी धरलं. 1,140 रोखे घेतले की 11,97,000 होतात.

दोन प्रश्न आहेत. 12 लाखांचे 7 टक्के म्हणजे महिन्याला 7,000 व्हायला हवेत, मग बँक 40 कमी का देते? आणि सगळ्यात कमी देणारी ठेवच घ्यावी असं माझं मन सांगतंय, तो निव्वळ भित्रेपणा आहे का?

नवखा
ताई, 7 टक्क्यांनी साधारण दहा वर्षांत रक्कम दुप्पट होते. व्याज काढूच नका, चक्रवाढीने वाढू द्या. मी तेच केलंय.

काठाकाठाने
अहो, वाढू दिलं तर औषधं कशातून आणू? दरमहा हवेत म्हणून तर विचारतेय.

नवखा
ओह, शीर्षक नीट वाचलं नाही. सॉरी.

उंटावरचा_शहाणा
ठेवीच्या नादी लागू नका. रोखा घ्या आणि मुदत संपेपर्यंत हात लावू नका. बाजारात भाव वर जावो की खाली, शेवटपर्यंत धरला तर नुकसान होतच नाही. 8,550 आणि 6,960 मध्ये महिन्याला दीड हजाराहून जास्त फरक आहे, तो काय कमी आहे?

हिशेबनीस
ताई, आधी 40 चा प्रश्न. बऱ्याच बँकांचा जाहीर दर तिमाही व्याजाचा असतो. 7 टक्के म्हणजे तिमाहीला पावणेदोन. तुम्ही तिमाही संपेपर्यंत न थांबता दर महिन्याला पैसे मागता, म्हणून बँक लवकर दिल्याबद्दल थोडी कपात करते. महिन्याचा दर असा काढतात की तो तीन महिने चक्रवाढीने लावला तर बरोबर पावणेदोन टक्के व्हावा. तो येतो 0.58 टक्क्याच्या किंचित खाली. 12 लाखांवर त्याचे 6,960 होतात. तुमची पेन्सिल बरोबर आहे, बँकही बरोबर आहे.

आता रोखा. शहाणेभाऊंचं म्हणणं अर्धं खरं आहे. मुदतीपर्यंत धरला तर बाजारातल्या चढउताराची झळ लागत नाही, हे कबूल. पण मुदत संपल्यावर कंपनी 1,000 देणार, 1,050 नाही. तुम्ही 1,140 रोख्यांना 11,97,000 मोजाल आणि तीन वर्षांनी हातात 11,40,000 येतील. 57,000 गेले, तेही सगळं सुरळीत पार पडलं तर. ते 36 महिन्यांवर पसरा, महिन्याला 1,583 होतात. म्हणजे 8,550 मधले 1,583 तुमचेच पैसे तुम्हाला परत मिळताहेत. खरी कमाई राहिली 6,967.

पाकिटावर ठेवीच्या शेजारी हा आकडा लिहून बघा.

काठाकाठाने
लिहिला. 6,960 आणि 6,967. दोन वेळा तपासलं. सात रुपड्यांसाठी कंपनीच्या भरवशावर राहायचं का?

हिशेबनीस
अगदी काटेकोर धरलं तर परतावा 7.1 टक्क्यांच्या आसपास बसतो, कारण ते 57,000 आज नाही, तीन वर्षांनी जातात. म्हणून सात रुपयांपेक्षा फरक जरा जास्त आहे, पण 9 टक्के तर मुळीच नाही. चांगल्या मालाला जास्त भाव, हे तुमचं वाक्य चुकीचं नाही. फक्त इथे 'चांगला' म्हणजे आजच्या बाजारदरापेक्षा जास्त व्याज देणारा, आणि ते जास्तीचं व्याज विकणारा आधीच किमतीत वसूल करून घेतो. रोखा विचारताना 'व्याज किती' असं विचारू नका. 'आज या भावाला घेऊन शेवटपर्यंत धरला तर वर्षाला किती पडतात' असं विचारा.

आणि मागच्या व्याजाच्या तारखेपासून तुम्ही विकत घ्याल त्या दिवसापर्यंतचं व्याज विकणाऱ्याला द्यावं लागतं. 1,050 मध्ये ते धरलंय की वरून मागणार, तेही विचारून घ्या.

उंटावरचा_शहाणा
बरं, 1,050 चा मुद्दा मान्य. 1,000 ला किंवा खाली मिळाला तर मात्र माझं म्हणणं उभं राहतं.

हिशेबनीस
कंपनी उभी राहिली तर. शेजारच्या बँकेत 7 मिळत असताना कोणी 1,000 ला 9 देत असेल, तर ती दोन टक्के का जास्त देते हे तिला विचारायचं. ताईंचा स्वभाव बघता 12 लाख एकाच कंपनीत घालणं मला पटत नाही, भाव काहीही असो.

पिंपळपान
मूळ प्रश्नाला थोडं सोडून आहे, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. आईची 6 लाखांची ठेव होती, 7 टक्के, दरमहा 3,500 खात्यात पडायचे. 14 महिन्यांनी तिच्या ऑपरेशनसाठी मोडली. बँकेने मुद्दलातून 12,250 कापून उरलेले हातात दिले. आई तर रडवेली झाली. मी तावातावाने गेलो, तेव्हा काउंटरवरच्या मुलीने शांतपणे कागद पुढे सरकवला. ठेव 14 महिनेच राहिली, त्या मुदतीचा दर सव्वासहा होता, त्यातून मोडण्याचा दंड एक टक्का. म्हणजे सव्वापाचने महिन्याला 2,625 च देय होते. आम्ही 3,500 घेत होतो. फरक 875, गुणिले 14. हिशोब चोख होता, पण ठेव करताना कोणी एक शब्द बोललं नव्हतं.

काठाकाठाने
बाप रे. म्हणजे आलेलं व्याजसुद्धा परत घेतात?

पिंपळपान
परत मागत नाहीत हो, मुद्दलातून वळतं करतात. एका ठेवीऐवजी दीड-दीड लाखाच्या चार ठेवी असत्या तर आम्हाला सगळ्या मोडाव्याच लागल्या नसत्या. दोन मोडल्या असत्या, बाकीच्या दोन पूर्ण दराने चालू राहिल्या असत्या.

हिशेबनीस
हे फार कामाचं लिहिलंत. ताई, तिसरा कागद अजून राहिलाय. 10,000 च्या योजनेच्या पत्रकात बारीक अक्षरात काय लिहिलंय ते जसंच्या तसं इथे टाका.

काठाकाठाने
चष्मा बदलून वाचलं. 'वितरण मुद्दलातूनही होऊ शकते.' विकणाऱ्याने या ओळीवर बोट ठेवलं नव्हतं. त्याचं बोट 10,000 वर होतं.

हिशेबनीस
हीच ओळ शोधत होतो. 12 लाखांवर महिन्याला 10,000 म्हणजे वर्षाला 10 टक्के बाहेर जाणार. फंडाने 7 टक्के कमावले असं धरू. पहिल्या महिन्यात कमाई 7,000, उरलेले 3,000 मुद्दलातून. पुढच्या महिन्यात मुद्दल 3,000 नी कमी, म्हणून कमाईही किंचित कमी, आणि मुद्दलातून जाणारा भाग किंचित जास्त. सुरुवातीला काही जाणवत नाही. पाच वर्षांनी शिल्लक उरते साधारण 9 लाख 85 हजार. असंच चालू ठेवलं तर सव्वासतरा वर्षांच्या सुमाराला हंडा रिकामा होतो. तुम्ही तेव्हा 73 च्या पुढे असाल.

शिवाय 7 टक्के दर वर्षी येतीलच असं नाही. 2022 मध्ये बऱ्याच देशांत व्याजदर झपाट्याने चढले, तेव्हा लांब मुदतीच्या रोख्यांच्या फंडांचं मूल्य खाली आलं. अशा वर्षी 10,000 काढत राहिलात तर पडलेल्या भावात जास्त युनिट विकली जातात, आणि विकलेली युनिट भाव सुधारला तरी परत येत नाहीत.

सरळमार्गी
मी मात्र या योजनेला सरसकट वाईट म्हणणार नाही. मुद्दल वापरून संपवायचंच असं ठरवलेलं असेल, मागे कोणासाठी ठेवायचं नसेल, तर हप्त्याहप्त्याने खाणं यात गैर काय? गैर आहे ते त्याला 'उत्पन्न' म्हणणं.

काठाकाठाने
मला संपवायचं नाही. निदान अजून तरी नाही.

उंटावरचा_शहाणा
मग तीन-तीन लाखांच्या चार ठेवी करा, एक, दोन, तीन आणि पाच वर्षांच्या. दर वर्षा-दोन वर्षांनी एक सुटेल, ती चालू दराने पुन्हा लावा. दर घसरले तरी चिंता नाही.

हिशेबनीस
ठेवी वाटून करा, शंभर टक्के सहमत. पण 'चिंता नाही' एवढं गोड नाही ते. दर घसरले की सुटलेली ठेव कमी दराने लागणार आणि महिन्याची रक्कम उतरणार, फक्त एकदम न उतरता पायरीपायरीने. उलटंही होतं. अमेरिकेत मध्यवर्ती बँकेचा दर 2022 च्या सुरुवातीला शून्याला टेकलेला होता, तो जुलै 2023 पर्यंत सव्वापाच-साडेपाचच्या घरात गेला. त्याआधी सगळं पाच वर्षांसाठी अडकवलेला माणूस हळहळला, पायऱ्या लावलेला थोडा कमी हळहळला. आणखी एक, छोट्या मुदतीला बऱ्याचदा दर कमी असतो. चारही ठेवी 7 ने लागतील असं धरून 6,960 चा आकडा पक्का करू नका.

चारही ठेवी एकाच बँकेत करायच्या का, हे ठेव-विम्याची मर्यादा बघून ठरवा. ती बहुतेक ठिकाणी एका बँकेतल्या तुमच्या सगळ्या ठेवी मिळून मोजतात. शाखा बदलून उपयोग होत नाही.

सरळमार्गी
महागाईचं काय पण? आज 7,000 पुरतील. वर्षाला 5 टक्के महागाई धरली तर दहा वर्षांनी त्या 7,000 मध्ये आजच्या 4,300 एवढंच येईल. औषधं तर त्याहून वेगाने महागतात, हा माझा अनुभव. ठेवी सुरक्षित म्हणताय, पण हे बुडणं दिसत नाही म्हणून ते नाही असं नाही.

हिशेबनीस
खरंय. यावर माझ्याकडे बिनधोक्याचं उत्तर नाही. सुरुवातीची काही वर्षं व्याजातले हजारेक खर्चू नयेत, परत ठेवीत टाकावेत, असं मी सुचवीन. पण ताईंना सात-आठ हजार लागतातच, तर हजार आणायचे कुठून?

सरळमार्गी
म्हणून थोडा भाग तरी वाढणाऱ्या गोष्टीत हवा.

हिशेबनीस
56 व्या वर्षी, नोकरी नसताना, 12 लाखांतला? आपलं इथे जमायचं नाही.

काठाकाठाने
तुम्ही भांडा, मी वाचतेय. आज एवढं ठरलं : योजनेचं पत्रक परत करणार. रोखा नाही. बँकेत उद्या दोन गोष्टी विचारणार, तीन लाखांच्या चार ठेवी केल्या तर प्रत्येकीचे दरमहा किती, आणि 14 महिन्यांनी एक मोडली तर नेमके किती हातात येतील, ते लिहून द्या म्हणून. महागाईचा प्रश्न तसाच आहे. औषधांची जुनी बिलं डब्यात आहेत, तीन वर्षांत किती वाढली ते काढून इथे टाकते.

पिंपळपान
लिहून देतील का, याची शंका आहे. माझ्या वेळी तोंडीच सांगत होते. नियमांचा छापील कागद मागा, त्यात 'मुदतपूर्व' हा शब्द शोधा.