मदत हवी आहे: पाच महिन्यांचं बाळ, फिल्मवर उजवीकडे वर पांढरं, थायमस की न्यूमोनिया?

इंदूरची_रेसिडेंट:
नमस्कार मंडळी, मुलांच्या वॉर्डात नवीन लागलेय. पाच महिन्यांचं बाळ आहे, आधी सर्दी, मग घरघर, आता छाती आत ओढतंय, ताप नावालाच. फिल्मवर दोन्ही फुफ्फुसं काळी, फुगलेली, डायफ्रॅम चपटा, म्हणजे ब्रॉन्किओलायटिस, इथपर्यंत ठीक. पण उजवीकडे वर मधल्या सावलीला चिकटून पांढरा तिकोन आहे, खालची कड सरळ. सोबतचा म्हणतोय न्यूमोनिया, अँटिबायोटिक लाव. मला थायमस वाटतोय, कसं ठरवू?

बडोद्याचा_एक्सरेवाला:
तिकोन आणि सरळ कड म्हणजे शिडासारखा थायमस, डोळे मिटून लिहा. न्यूमोनियाची कड पुसटच असते.

जुना_रेडिओलॉजिस्ट:
डोळे मिटून काही लिहू नका हो. उजव्या वरच्या लोबचा न्यूमोनिया आडव्या फिशरपाशी येऊन थांबला की त्याचीही खालची कड सरळ दिसते, त्यामुळे कडेवर जाऊ नका, सावलीच्या आत बघा. थायमस मऊ असतो, त्याच्या आडूनही फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्या दिसतात, तो ट्रॅकियाला ढकलत नाही, आणि पुढच्या फासळ्या टेकतात तिथे त्याची बाहेरची कड लाटेसारखी होते. आत हवेच्या काळ्या फांद्या दिसल्या तर मात्र तो थायमस नाही.

आणि तुम्ही दोघांनी न धरलेली तिसरी शक्यता म्हणजे कोलॅप्स. ब्रॉन्किओलायटिसमध्ये कफाने नळी बुजते आणि तो लोब बसतो, मग फिशर वर खेचली जाते. यालाच न्यूमोनिया समजून उगाच अँटिबायोटिक चालू होतात, हे फार पाहिलंय. बाळ वळलेलं होतं का? दोन्हीकडच्या फासळ्या सारख्या दिसतायत का बघा, उजवीकडे वळलं असेल तर थायमस त्या बाजूला जास्त बाहेर येतो.

ग्वाल्हेरची_आई:
माझ्या आठ महिन्यांच्या मुलीच्या रिपोर्टात थायमस ठळक असं लिहिलंय, ऑपरेशन लागेल का? दोन रात्री झोप नाही.

जुना_रेडिओलॉजिस्ट:
ताई, या वयात तो असतोच, नुसत्या तेवढ्यावरून काही करायचं नसतं. फिल्म ज्यासाठी काढली ते मात्र तुमच्या डॉक्टरांना विचारा.

इंदूरची_रेसिडेंट:
परत पाहिली. बाळ थोडं उजवीकडे वळलंय. रक्तवाहिन्या खालच्या भागात दिसतात, वर नक्की सांगता येत नाही. ट्रॅकिया जरा उजवीकडे आहे, म्हणजे कोलॅप्स ना?

जुना_रेडिओलॉजिस्ट:
एवढ्यावरून नाही. लहान बाळाची ट्रॅकिया श्वास सोडताना तशीही उजवीकडे वाकते, त्यात बाळ वळलेलं. फिशर जागेवर आहे की वर गेलीय ते सांगा.

इंदूरची_रेसिडेंट:
ती वेगळी दिसतच नाहीये, तिकोनाच्या कडेतच मिसळलीय.

बडोद्याचा_एक्सरेवाला:
मग सरळ बसवून परत काढा ना फिल्म.

जुना_रेडिओलॉजिस्ट:
आधी सोनोग्राफी. रेडिएशन नाही, थायमस असेल तर आत बारीक पांढरे ठिपके दिसतील आणि श्वासासोबत त्याचा आकार बदलेल. त्याच्या मागे कोलॅप्सही असू शकतो, दोन्ही एकदम असायला काही मनाई नाही.

इंदूरची_रेसिडेंट:
सकाळी करून घेते. बाळ दूध पितंय, म्हणून सरांनी तोवर अँटिबायोटिक थांबवलंय. सोबतचा अजून मानत नाहीये.